पळस्पे फाट्यावरचा शिळा सीक्यूआय

पीएचडीच्या पहिल्या वर्षात मी एक सिम्युलेशन लिहिलं होतं. एक बेस स्टेशन, दहा फोन, प्रत्येक फोनचं चॅनल वेगळं. माझा शेड्युलर ज्याचं चॅनल त्या क्षणी चांगलं असेल त्याला वेळ देत होता आणि ग्राफ इतका सुंदर आला होता की मी तो लगेच गाइडना दाखवला. त्यांनी ग्राफकडे फार पाहिलंच नाही. एकच प्रश्न विचारला, "तुझा सीक्यूआय किती मिलिसेकंद जुना आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माझ्या कोडमध्ये तो जुना नव्हताच. फोनने मोजलं त्याच क्षणी टॉवरला कळत होतं. असं प्रत्यक्षात कधीच होत नाही.

त्या प्रश्नानंतर माझे तीन महिने गेले. ते तीन महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख. विषय आहे अडॅप्टिव्ह मॉड्युलेशन आणि कोडिंग, पण सगळा नाही. त्यातला एकच भाग घेऊया: फोनने पाठवलेली चॅनलची बातमी शिळी झाली की काय होतं आणि टॉवर त्यावर काय उपाय करतो.

आधी सीक्यूआय म्हणजे नक्की काय

टॉवरकडून फोनकडे डेटा पाठवताना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली, एका सिम्बॉलवर किती बिट्स बसवायच्या. क्यूपीएसकेमध्ये २, १६-क्वाममध्ये ४, ६४-क्वाममध्ये ६. दुसरी, त्यातल्या किती बिट्स खऱ्या माहितीच्या आणि किती चूक दुरुस्त करण्यासाठी जास्तीच्या. याला कोडिंग रेट म्हणतात. सिग्नल स्वच्छ असेल तर बिट्स दाटीवाटीने बसवता येतात आणि जास्तीच्या बिट्स कमी लागतात. सिग्नल मळका असेल तर उलट.

हे टॉवर ठरवतो, पण सिग्नल कसा पोहोचतोय हे फोनलाच माहीत असतं. म्हणून फोन टॉवरला एक आकडा कळवत राहतो, तोच सीक्यूआय. एलटीईमध्ये हा चार बिटांचा असतो, म्हणजे ० ते १५. इथे एक बारकावा आहे जो माझ्याही लक्षात उशिरा आला. सीक्यूआय म्हणजे सिग्नलची ताकद नव्हे. फोन म्हणतो, "या यादीतली इतक्या नंबरची जोडी वापरलीत तर माझ्याकडे ब्लॉक चुकण्याची शक्यता १० टक्क्यांच्या आत राहील, त्याच्या वर जाऊ नका." म्हणजे हा आकडा चॅनलबद्दलही बोलतो आणि त्या फोनच्या रिसिव्हरबद्दलही. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांचे सीक्यूआय वेगळे असू शकतात, कारण एकाचा फोन चांगला आणि दुसऱ्याचा यथातथा.

एलटीईच्या मूळ यादीतल्या दोन ओळी आपण पूर्ण लेखभर वापरणार आहोत. सीक्यूआय ७ म्हणजे १६-क्वाम आणि १०२४ पैकी ३७८ बिट्स माहितीच्या. सीक्यूआय ९ म्हणजे तेच १६-क्वाम, पण १०२४ पैकी ६१६ बिट्स माहितीच्या. हिशेब करून बघा:

```
CQI 7 : 4 × 378/1024 = 1.48 bit/symbol
CQI 9 : 4 × 616/1024 = 2.41 bit/symbol
```

यादीतली एक पायरी साधारण २ डेसिबलची असते. म्हणजे ७ आणि ९ मध्ये जवळपास ४ डेसिबलचा फरक. मोबाइलच्या चॅनलमध्ये ४ डेसिबल वरखाली होणं ही रोजचीच गोष्ट आहे. पण ती किती वेळात होते, यावर सगळं अवलंबून आहे.

आता पळस्पे फाट्यावर उभे राहूया

पनवेलजवळचा हा फाटा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. जुना मुंबई-पुणे रस्ता पुढे जातो, गोव्याचा महामार्ग इथून फुटतो आणि न्हावा-शेवा बंदराकडचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. त्यामुळे एसटीची वाट बघणारे लोक, पुढे निघालेल्या गाड्या आणि कंटेनरचे लांबलचक ट्रेलर हे सगळं एकाच टॉवरच्या टापूत येतं. कंटेनर म्हणजे तर चालता-फिरता पत्र्याचा आरसाच.

समजा आपला फोन १८०० मेगाहर्ट्झवर आहे. भारतात ४जी-साठी हा बँड वापरला जातो. या लहरीची लांबी प्रकाशाचा वेग भागिले फ्रिक्वेन्सी, म्हणजे सुमारे १६.७ सेंटिमीटर. टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत एकाच वाटेने येत नाही. तो इमारतीवरून, ट्रेलरवरून, रस्त्यावरून आपटून अनेक वाटांनी येतो. काही ठिकाणी या वाटा एकमेकींना मिळून सिग्नल वाढवतात, तर काही ठिकाणी एकमेकींना खोडतात. ढोबळमानाने अर्ध्या लहरीवर, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटरवर, एक खड्डा संपून दुसरा येतो. पळस्प्याच्या हवेत असे न दिसणारे खड्डे पसरलेत आणि आपला फोन त्यातून चाललाय असं समजा.

फाट्यावर रेंगाळत चालणारा माणूस ताशी ३ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ०.८३ मीटरने जातो. त्याला ८.३ सेंटिमीटर ओलांडायला १०० मिलिसेकंद लागतात. एसटी सुटली आणि ताशी ६० किलोमीटरवर गेली, तर ती सेकंदाला १६.७ मीटर जाते. तेच ८.३ सेंटिमीटर ती ५ मिलिसेकंदांत पार करते. हा आकडा लक्षात ठेवा: चालताना १००, एसटीत ५.

आता बातमी पोहोचायला किती वेळ लागतो ते बघू. एलटीईच्या एफडीडी पद्धतीत फोनचं मोजमाप रिपोर्ट पाठवण्याच्या किमान ४ मिलिसेकंद आधीचं असतं. टॉवरने तो रिपोर्ट वाचून, शेड्युलरला देऊन, प्रत्यक्ष पाठवणीत वापरायला आणखी ४ मिलिसेकंद लागतात असं धरू. म्हणजे रिपोर्ट पहिल्यांदा वापरला जातो तेव्हाच तो ८ मिलिसेकंद जुना असतो. शिवाय फोन दर मिलिसेकंदाला रिपोर्ट पाठवत नाही. तो ५, १०, २०, ४० अशा ठरावीक अंतराने पाठवतो. अंतर १० मिलिसेकंद धरलं तर पुढचा रिपोर्ट हाती येईपर्यंत आधीचा जवळपास १८ मिलिसेकंद शिळा झालेला असतो.

चालणाऱ्या माणसासाठी १०० च्या तुलनेत ८ ते १८ म्हणजे फार काही नाही. टॉवरला कळलेलं चॅनल अजून साधारण तेच आहे. एसटीतल्या माणसासाठी मात्र ५ च्या तुलनेत ८ ते १८. ज्या खड्ड्याची बातमी आली तो खड्डा मागे पडला, त्याच्या पुढचाही कदाचित मागे पडला. टॉवरच्या हातात कालचा पेपर आहे.

शिळ्या बातमीचा हिशेब

याने किती नुकसान होतं हे बघायला एक अगदी साधं चॅनल घेऊ. अर्धा वेळ ते चांगलं असतं आणि सीक्यूआय ९ झेपतो. उरलेला अर्धा वेळ वाईट असतं आणि फक्त ७ झेपतो. झेपतं त्यापेक्षा वरचं पाठवलं तर ब्लॉक पूर्ण वाया, झेपतं तेवढं किंवा खालचं पाठवलं तर ब्लॉक पोहोचला.

पहिली स्थिती: बातमी ताजी आहे. चांगल्या वेळी ९ पाठवला, वाईट वेळी ७. सरासरी येते २.४१ आणि १.४८ यांची, म्हणजे १.९४ बिट्स प्रति सिम्बॉल. माझ्या पहिल्या सिम्युलेशनमध्ये सगळे फोन याच सुखात होते.

दुसरी स्थिती: बातमी इतकी शिळी की तिचा आताच्या चॅनलशी काही संबंध उरलेला नाही. तरी टॉवर तिच्यावर विश्वास ठेवतो. आता चार शक्यता आहेत आणि चारही सारख्याच वेळा घडतात. बातमी चांगली, चॅनलही चांगलं: २.४१ मिळाले. बातमी चांगली, चॅनल वाईट: शून्य. बातमी वाईट, चॅनल चांगलं: १.४८, खरं तर जास्त मिळू शकलं असतं. बातमी वाईट, चॅनल वाईट: १.४८. चौघांची सरासरी १.३४. आणि चारातला एक ब्लॉक चुकतोय, म्हणजे २५ टक्के.

तिसरी स्थिती: टॉवरने बातमी ऐकलीच नाही आणि डोळे मिटून कायम ७ पाठवला. सरासरी १.४८, चूक शून्य.

इथे थोडं थांबा. १.४८ हे १.३४ पेक्षा जास्त आहे. म्हणजे शिळा सीक्यूआय तंतोतंत पाळण्यापेक्षा तो न पाळणं फायद्याचं ठरलं. फीडबॅक आहे म्हणजे तो वापरायलाच हवा असं आपण गृहीत धरतो, ते इथे मोडतं. हा निकाल कायमचा नाही. चांगल्या आणि वाईट चॅनलमधलं अंतर बदललं की आकडे बदलतात. सीक्यूआय ११ आणि ६ घेऊन हाच हिशेब स्वतः करा. तिथे कायम खालचा नाही, तर कायम वरचा नंबर पाठवणं शिळ्या बातमीवर मात करतं. पण दोन्हीकडे हरते ती शिळी बातमीच.

प्रत्यक्षात नुकसान याहून थोडं कमी असतं, ते का हेही सांगायला हवं. चुकलेला ब्लॉक फोन फेकून देत नाही. तोच ब्लॉक पुन्हा आला की आधीच्या अर्धवट माहितीत तो मिळवतो. याला हार्क म्हणतात. पण एलटीई एफडीडीमध्ये त्या फेरीला ८ मिलिसेकंद जातात. दुसरं म्हणजे फोन पूर्ण १० मेगाहर्ट्झची सरासरी कळवत असेल तर एका फ्रिक्वेन्सीवरचा खड्डा दुसरीवर भरून निघतो, आणि दोन अँटेना असतील तर आणखी. म्हणून वरचं चॅनल हे समजण्यासाठी आहे, मोजण्यासाठी नाही.

टॉवर काय करतो: बाहेरचा लूप

टॉवरला बातमी किती शिळी आहे हे थेट कळत नाही. फोन बसमध्ये आहे की बाकावर, हेही नाही. पण एक गोष्ट त्याला नक्की कळते: प्रत्येक ब्लॉकनंतर फोन "मिळाला" किंवा "नाही मिळाला" असं उत्तर देतो. पहिल्याला ॲक म्हणतात, दुसऱ्याला नॅक. बातमी कशीही असो, हे उत्तर खरं घडलेल्या गोष्टीचं असतं.

म्हणून टॉवर प्रत्येक फोनसाठी एक सुधारणा-आकडा डेसिबलमध्ये जपून ठेवतो, ऑफसेट. फोनच्या सीक्यूआयवरून जो सिग्नल दर्जा निघतो त्यात हा ऑफसेट मिळवायचा आणि मग जोडी निवडायची. नॅक आला की ऑफसेट खाली, ॲक आला की वर. याला आउटर लूप लिंक अडॅप्टेशन म्हणतात. कोड एवढाच:

```python
target = 0.10
down = 0.9                            # dB
up = down * target / (1 - target)     # 0.1 dB

def update(offset, ack):
    offset += up if ack else -down
    return max(-10.0, min(5.0, offset))
```

खाली येताना ०.९ आणि वर जाताना ०.१ असं का? समजा ब्लॉक चुकण्याचं प्रमाण `p` आहे. एका ब्लॉकमागे ऑफसेट सरासरी किती सरकतो?

```
(1 − p) × 0.1 − p × 0.9 = 0.1 − p
```

`p` जर ०.१ पेक्षा जास्त असेल तर हा आकडा उणे, ऑफसेट खाली सरकतो, टॉवर सावध होतो. `p` कमी असेल तर ऑफसेट वर सरकतो, टॉवर धीट होतो. तो स्थिरावतो तो फक्त `p = 0.1` वर, म्हणजे १० टक्के चुकांवर. नऊ ॲकनी जे कमावलं ते एका नॅकने गेलं. टॉवरला ना वेग माहीत, ना विलंब, ना फोनची कंपनी, तरी चुकांचं प्रमाण जागेवर येतं. शिळी बातमी असो की फोनची फाजील आशा, दोन्हींवर एकच औषध.

आपल्या खेळण्यातल्या चॅनलवर हे लावून बघू. शिळ्या बातमीवर विसंबलं तर २५ टक्के चुका, कायम ७ पाठवला तर शून्य. १० टक्के गाठायला टॉवर ४० टक्के वेळ पहिल्या पद्धतीने वागेल आणि ६० टक्के वेळ दुसऱ्या. सरासरी येते १.४२. म्हणजे १.३४ पेक्षा बरं, पण १.४८ पर्यंत नाही. १० टक्के हा आकडा पवित्र नाही एवढं यातून दिसतं. बातमी किती शिळी आणि पुन्हा पाठवणं किती महाग, यावर योग्य लक्ष्य बदलतं, आणि इथे संशोधनाला जागा आहे.

बाहेरच्या लूपला काय जमत नाही

एक, तो खड्डे पकडत नाही. तो फक्त सरासरी चूक दुरुस्त करतो. एसटी ६० च्या वेगात असताना प्रत्येक खड्ड्यामागे धावणं शक्यच नाही. लूप एवढंच म्हणतो की या माणसाच्या बातमीवर इतके डेसिबल कमी भरवसा ठेव.

दोन, तो वर चढायला हळू आहे. समजा चालत्या एसटीतल्या फोनचा ऑफसेट उणे ३ डेसिबलवर आलाय. बस सिग्नलला थांबली. आता बातमी ताजी, भरवशाची, पण टॉवर अजून जुन्या अविश्वासातच आहे. ०.१ च्या पायऱ्यांनी ३ डेसिबल चढायला ३० ॲक हवेत, आणि तेही मध्ये एकही नॅक न येता. माणूस व्हिडिओ उतरवत असेल आणि दर मिलिसेकंदाला ब्लॉक जात असेल तर हे ३० मिलिसेकंदांत होईल. तो अधूनमधून एखादा मेसेज पाठवत असेल तर ३० ब्लॉक व्हायला बराच वेळ जाईल, तोवर बस सुटलेली असेल. उलट दिशेने मात्र चार नॅक पुरतात. म्हणून थोडा थोडा डेटा वापरणाऱ्यांसाठी ऑफसेटची सुरुवात कुठून करायची हा प्रश्न लूपच्या गणिताइतकाच महत्त्वाचा ठरतो.

तुमच्या सिम्युलेशनमध्ये कसं ओळखायचं

माझी चूक कोडमध्ये एका ओळीची होती. ज्या `cqi[t]` वरून जोडी निवडली, त्याच `t` च्या चॅनलवर मी ब्लॉक पोहोचला की नाही हे तपासत होतो. हवं होतं ते असं:

```python
used = cqi[t - delay]
```

ही चूक ग्राफवरूनही ओळखता येते. पहिली खूण: फोनचा वेग ३ वरून ६० केला तरी थ्रूपुट हलत नाही. खऱ्या व्यवस्थेत तो पडायलाच हवा. दुसरी खूण: ब्लॉक चुकण्याचं प्रमाण सगळीकडे जवळपास शून्य. लक्ष्य १० टक्के असताना चुका होतच नसतील तर तुमच्या टॉवरला भविष्य दिसतंय. तिसरी खूण लूप लावल्यानंतरची: ऑफसेट वरच्या किंवा खालच्या मर्यादेला चिकटून बसलाय. वर चिकटला असेल तर बहुधा विलंब विसरलात. खाली चिकटला असेल तर सीक्यूआय ते डेसिबल हे रूपांतर तपासा, तिथे काहीतरी सातत्याने चुकतंय.

माझ्या ग्राफचं काय झालं? विलंब ८ मिलिसेकंद घातला आणि वेग ६० केला, तेव्हा माझ्या शेड्युलरचा जवळपास सगळा फायदा गेला. तो ज्या शिखरावर ब्लॉक पाठवत होता ते शिखर ब्लॉक पोहोचेपर्यंत मागे पडलेलं असायचं. ३ किलोमीटरच्या वेगाला फायदा टिकला. शेवटी थिसिसमध्ये ग्राफ एक नाही, दोन आले आणि दाव्यासोबत वेगाची अट आली.

करून बघण्यासाठी: `delay` ला ०, ४, ८, १६ अशा किमती द्या, वेग ३ आणि ६० घ्या, आणि प्रत्येक वेळी थ्रूपुटसोबत पहिल्या पाठवणीतल्या चुकांचं प्रमाण छापा. आठ आकड्यांच्या जोड्या मिळतील. पेपरमध्ये "आदर्श फीडबॅक गृहीत धरला आहे" असं वाक्य पुढच्या वेळी दिसलं, की या आठ जोड्यांतली कुठली तो पेपर सांगतोय ते तुम्हाला लगेच कळेल.